आबांनी शेवटी बोलावे

सन दोन हजार चोवीसच्या एप्रिल महिन्यातील पहिल्या सोमवारी, दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली असता, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात हितेंद्र सोनवणे या तरुण कामगाराचा उजवा हात भंगार दळण्याच्या ग्राइंडरमध्ये सापडला.

हे कसे घडले ते सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा झगडा त्याच एका गोष्टीवरून झाला. पाइपचे वाकडेतिकडे निघालेले तुकडे ग्राइंडरच्या तोंडात टाकतात; आत फिरणाऱ्या पोलादी पात्या त्यांचा चुरा करतात. एखादा जाड तुकडा आडवा बसला की पात्या जागच्या जागी थांबतात. मग तोंडाचे झाकण मागे पाडायचे आणि तुकडा उपसायचा. झाकण पडताच एक छोटा स्विच मोटारीची वीज तोडतो. कामगाराच्या हाताचे रक्षण करणारे तेवढेच एक साधन त्या यंत्रात आहे. हितेंद्रने झाकण पाडले, पात्या थांबलेल्या पाहिल्या, तुकडा दोन्ही हातांनी धरून जोर लावला. तुकडा निघाला आणि पात्या फिरल्या, कारण मोटार मेलेली नव्हती. ती अडली होती, इतकेच.

किंकाळी अशी आलीच नाही. आला तो ओलसर, कुटल्यासारखा आवाज. शेजारी तुकडे निवडणाऱ्या सारिकाच्या तोंडावर आणि पदरावर लाल शिंतोडे उडाले. यंत्र बंद करणाऱ्या लाल बटणावर पहिली मूठ आदळली ती विभागातले सर्वांत जुने कामगार जीवरामआबा यांची. मनगटापासून पुढे फाटलेला तो हात त्यांनी स्वतः बाहेर काढला, आपला सदरा उतरवून आवळला, आणि पोराला खांद्यावर टाकून फाटकापर्यंत पळत नेले. आबांचे वय तेव्हा पंचावन्नाच्या पुढे होते. रुग्णालयात त्या रात्री हितेंद्रची तीन बोटे काढून टाकावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या उत्पादनप्रमुख नूतन देवरे यांनी ग्राइंडर विभागाची बैठक बोलावली. नूतन धुळ्याच्या, त्यांना जळगावात बदलून येऊन अजून वर्ष झाले नव्हते. कारखान्याचे मालक रतिलालशेठ यांचा निरोप सरळ होता: अपघाताचे कारण संध्याकाळपर्यंत लिहून द्या, म्हणजे कारखाना निरीक्षकांकडे अहवाल जाईल आणि ग्राइंडर सुरू होईल. कारण म्हणून ‘कामगाराची बेपर्वाई’ असे लिहिले गेले, तर भिंतीवर सूचनेची एक पाटी लागली असती, हितेंद्र उजव्या हाताची उरलेली दोन बोटे आणि एक ठपका घेऊन घरी गेला असता, आणि त्याच यंत्रासमोर दुसरे कोणी उभे राहिले असते. त्या दुसऱ्याचे नावही ठरलेले होते. तो स्वप्नील, विभागातला सर्वांत नवा कामगार.

बैठक यंत्रांच्या दालनातच, ग्राइंडरला लागून असलेल्या टेबलाभोवती भरली. मागे पाइप तयार करणाऱ्या यंत्रांच्या चार ओळी धडधडत होत्या. आबा, हितेंद्रचा त्याच विभागात काम करणारा थोरला भाऊ चुडामण, सारिका, स्वप्नील आणि वायरमन किरण असे पाच जण समोर बसले. आणि नूतनकडून चूक झाली ती पहिल्याच वाक्यात. वडीलधाऱ्याचा मान म्हणून त्यांनी पहिला प्रश्न आबांना विचारला.

“आबा, तुम्हीच सांगा. काय झालं?”

“काय झालं म्हणजे?” आबांचा आवाज दालनाच्या पत्र्यावर आदळला. “पोऱ्यानं हात घातला. यंत्र काय चालत येऊन चावलं का त्याला? नजर ठिकाणावर नाही, कान ठिकाणावर नाही. आमी तीस वर्सं या मशीनशी झोंबतोय, आमची दहा बोटं मोजून घ्या! चूक पोऱ्याची. लिवा.”

“बाकीच्यांचं म्हणणं ऐकू या.”

“ऐका की. कोणाला काही बोलायचंय?” आबांनी चौघांवरून नजर फिरवली. सारिकाचे ओठ हलले.

“आबा, ती तार…”

“काय? काही नाही? बस, झालं!”

सारिकाने पदराचे टोक तोंडात धरले. नूतनने तिला नाव घेऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आबा म्हणतात तेच.” किरणला विचारले, तो म्हणाला, “आबांना जास्त माहीत.” स्वप्नीलने नुसती मान हलवली. चुडामण तर कोणाकडे पाहतही नव्हता. टेबलावर पडलेला एक पाइपचा तुकडा तो बोटांनी गोल गोल फिरवत होता.

या शांततेला संमती समजणारे पुष्कळ असतात, आणि ते चुकतात. चार माणसे एका माणसासमोर गप्प बसतात तेव्हा त्या चौघांच्या गप्प बसण्याची कारणे चार असू शकतात. नूतनला एवढे कळत होते. त्यावर करायचे काय, हे मात्र त्या क्षणी सुचले नाही. तोंडाने बोलत नाहीत तर लिहितील, या विचाराने त्यांनी कागदाचे कपटे वाटले आणि नावे न घालता लिहायला सांगितले. चौघांनी पाठ वळवून काहीबाही लिहिले. नूतनने हात पुढे करण्याआधीच आबांनी चारही कपटे गोळा केले आणि आपल्या आवाजात, आपल्या सुरात, एकेक वाचायला सुरुवात केली.

“‘घाईमुळे झाले.’ हं! घाई कोणाची? पोऱ्याची! ‘देवाची इच्छा.’ बरोबर. ‘माहिती नाही.’ हा तर शहाणा. आणि हा कोरा. कोरा कोणाचा रे?” त्यांनी टेबलावर थाप मारली. “सांगितलं ना, चूक पोऱ्याची! पोऱ्या आंधळा, पोऱ्या बहिरा, त्याच्या बोटांचं खापर आमच्यावर…”

चुडामण उठला ते कोणाला दिसले नाही. दिसला तो त्याच्या हातातला तुकडा. मनगटाएवढ्या जाडीचा, कडेला करवतीची धार राहिलेला तो पाइप आबांच्या कपाळावर बसला, आणि भुवईपासून केसांपर्यंत कातडी उघडी पडली. आबा खुर्चीसकट मागे कोसळले. चुडामणने दुसरा घाव उचलला.

“मना भाऊना नाव लेस? मना भाऊना?” माझ्या भावाचे नाव घेतोस, असे तो अहिराणीत ओरडत होता. “पुन्हा लेय! लेय पुन्हा!”

दुसरा घाव किरणने मध्ये घातलेल्या हातावर बसला. तोवर आबा उठले होते. डोळ्यांत रक्त उतरलेले, समोरचे नीट दिसत नव्हते. तरी त्यांची मूठ चुडामणच्या तोंडावर अचूक बसली. ओठ फाटला, एक दात टेबलाखाली गेला. दोघे एकमेकांच्या गळ्याला धरून ग्राइंडरच्या पायाशी लोळले, ज्या फरशीवरचे आदल्या दिवशीचे रक्त धुऊन अजून पुरते निघाले नव्हते, तिथेच. स्वप्नील आणि किरणने त्यांना ओढून वेगळे केले तेव्हा कोणाचे रक्त कोणाच्या अंगावर होते ते ओळखता येत नव्हते. सारिका भिंतीला पाठ लावून उभी होती आणि एकच शब्द पुटपुटत होती. तो शब्द नूतनला या खेपेस ऐकू आला. “तार,” ती म्हणत होती, “तार, तार.”

नूतनने ग्राइंडरचा मुख्य खटका खाली पाडला, त्याला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. रतिलालशेठांना फोनवर त्या एवढेच म्हणाल्या, “कारण अजून मिळालेलं नाही. खोटं कारण हवं असेल तर त्याखाली माझी सही नसेल.” शेठ बरेच काही बोलले. शेवटी एक दिवस मिळाला.

संध्याकाळी त्या जळगावातल्या मेहरूण भागात आबांच्या घरी गेल्या. कपाळावर टाके घातलेले आबा ओसरीवर बसले होते, आणि आतल्या खोलीत दूरदर्शन संच असा किंचाळत होता की गल्लीच्या टोकाला बातम्या कळाव्यात. आबांच्या पत्नी कुंदाबाईंनी तो बंद केला.

“ह्यांना त्याशिवाय ऐकू येत नाही,” पाणी देत त्या म्हणाल्या. “उजवा कान त्या मशीननं खाल्ला. डावा अर्धा. मी जेवायला हाक मारते तर शेजारची माणसं ताट घेऊन येतात.”

“तुना आवाजच तसा शे,” आबा म्हणाले.

“आणि तुमचा? ताई, एवढ्या वर्षांत ह्यांनी मला एक वाक्य पुरं करू दिलं असेल तर शपथ!”

नूतन हसल्या, पण विषयाला लगेच आल्या. उपदेश करायचा नाही, आणि चौघांसमोर जे बोलता येणार नाही ते इथेच बोलायचे, असे त्यांनी ठरवूनच ठेवले होते.

“आबा, गावात भावकीचं भांडण मिटवायला बसतात, तेव्हा तुम्ही जाता ना?”

“जावंच लागतं. थोरल्या घरचा आहे मी.”

“मग तिथं पहिलं कोण बोलतं?”

“ज्याचं भांडण तो. मग दुसऱ्या बाजूचा. मग बाकीचे.”

“आणि तुम्ही?”

“मी कसा आधी बोलणार? थोरला बोलला की मिटलं. त्याच्यानंतर तोंड उघडणं म्हणजे त्याचा अपमान.” आबा थांबले. बोललेले वाक्य स्वतःच्याच कानावर पडल्यासारखे त्यांनी नूतनकडे पाहिले.

“आज सकाळी मी तुम्हाला आधी विचारलं,” नूतन म्हणाल्या. “चूक माझी. तुम्ही बोललात, मिटलं. त्यांनी पुढं बोलायचं तरी कसं? उद्या पुन्हा बसू. उद्या तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बोला. तोवर एक शब्द नाही. आणि शेवटचा शब्द तुमचा.”

“आणि कोणी खोटं बोललं तर?”

“तरी शेवटी.”

“आणि चुडामणनं पुन्हा पाइप उचलला तर?”

“तर मी मध्ये आहे.”

आबांनी टाक्यांवरून बोट फिरवले. त्या घरात तशी शांतता कदाचित पहिल्यांदाच पसरली होती, कारण कुंदाबाई दारात येऊन पाहून गेल्या.

“ताई,” अखेर ते हलक्या आवाजात म्हणाले, “सगळ्यांना बोलू दिलं तर एकाचं वाटोळं होईल. मी गप्प बसत नाही ते काय हौसेनं?”

“कोणाचं?”

 आबांनी नुसती मान हलवली. उद्या येईन, अशा अर्थाने.

दुसऱ्या दिवशीची बैठक नूतनने दालनात घेतली नाही. धडधडणाऱ्या ओळींच्या शेजारी ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे ठरते, हा साधा हिशेब त्यांना उशिरा कळला होता. मागच्या गोदामात, पक्की भिंत मध्ये ठेवून, प्लास्टिकच्या दाण्यांनी भरलेल्या गोण्या त्यांनी वर्तुळात मांडल्या. टेबल नाही, अग्रस्थान नाही. आबांना अशा जागी बसवले की सगळ्यांची बाजू त्यांच्या डाव्या कानाला यावी. चुडामण त्यांच्या समोर. सुजलेला ओठ, लाल डोळे, मांडीवर मिटलेल्या मुठी. किरणच्या हाताला पट्टी होती.

“नियम थोडे आहेत,” नूतन म्हणाल्या. “सर्वांत नवा आधी, आबा शेवटी. एक बोलत असताना दुसरा बोलणार नाही, मीसुद्धा नाही. आत्ता बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणा, मी फिरून येईन. इथं बोललेलं अहवालात जाईल, हे लपवत नाही. पण बोलला म्हणून कोणाला काढणार असतील, तर माझा राजीनामा पहिला. आणि चूक कोणाची, हे मी विचारतच नाही. माझा प्रश्न एवढाच: झाकण उघडं आणि मोटार चालू, अशा वेळी तुम्ही आत हात घातल्याची किंवा कोणी घातलेला पाहिल्याची शेवटची वेळ कोणती? आधी जरा वेळ सगळे गप्प बसू. आठवा.”

सगळे गप्प बसले. ही शांतता कालच्यासारखी नव्हती; कालची एका माणसाने लादली होती, आजची सर्वांची होती. मग नूतनने स्वप्नीलकडे पाहिले.

“रविवारी,” स्वप्नील म्हणाला.  “मी स्वतः घातला. झाकण पाडलं तरी मोटार गुरगुरत होती. मला वाटलं, तशीच असते. मला कोणी सांगितलंच नाही की ती बंद व्हायला पाहिजे.”

आबांच्या घशातून आवाज निघाला. त्यांनी तोंड उघडले, आणि डाव्या बाजूने सारिका चटकन म्हणाली, “आबा, तुमची पाळी शेवटी.”

तिने आबांना आयुष्यात पहिल्यांदा अडवले होते. आबांनी तोंड मिटले.

“मी रोज पाहते,” सारिका पुढे म्हणाली, आता तिची पाळी होती. “झाकण पाडलं की मशीन बंद होतं, मग पुन्हा चालू करायला वेळ जातो, तुकड्यांचा ढीग साचतो, वरून ओरडा बसतो. म्हणून स्विचला तांब्याची तार गुंडाळतात. स्विच दाबलेलाच राहतो. सोमवारीही तार होती. आबांनी हितेंद्रचा हात काढला, तेव्हा तार होती. मी फाटकापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा नव्हती.”

चुडामणच्या मुठी आवळल्या गेल्या. किरणने खाली पाहतच बोलायला सुरुवात केली.

“ती तार मी आजवर अनेकदा कापली. दुसऱ्या पाळीला पुन्हा असायची. मी वर सांगितलं नाही. सांगितलं तर आपलीच माणसं गोत्यात. चिठ्ठीवर ‘देवाची इच्छा’ मी लिहिलं, ताई. लिहिताना माझी मला लाज वाटली.”

उरला चुडामण. “पुढे,” तो म्हणाला. नूतनने मान डोलावली आणि थांबल्या. घाई केली नाही. गोदामाच्या पत्र्यावर ऊन तडतडत होते. त्यांनी पुन्हा त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो उठून उभा राहिला होता.

“कोरा कागद मना व्हता,” तो म्हणाला. “सोमवारनी सकाळनी पाळी मनी व्हती. तार मी बांधी.”

किरणने मान झटकन वर केली: तार बांधणारा चुडामणच होता.

“मी बांधी आनि सोडाले इसरी गऊ. पाळी बदलनी, भाऊ उना, मी त्याले म्हनं, ढीग बाकी शे, उरकी टाक. तारनं सांगं नही. त्यानं झाकण पाडं, त्याले वाटनं मोटार बंद शे. त्याले शिकाडेल तसंच त्यानं करं! आंधळा तो नव्हता. आंधळा मी व्हतू!” बोलता बोलता त्याने स्वतःच्याच तोंडावर मूठ मारली. कालचा फाटलेला ओठ उघडला, हनुवटीवरून रक्त वाहू लागले. त्याने दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली, जणू आतून कोणाला तरी बाहेर काढायचे होते. “आनि मी यासले मारं! ज्यानं मना भाऊ खांदावर नेया, त्याले!”

आबा उठले. नूतनही उठल्या, कारण आबा वर्तुळ ओलांडून सरळ चुडामणकडे चालले होते, आणि त्या चालण्यात काय आहे ते त्यांना कळत नव्हते. त्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. आबांनी त्यांना हाताने हलकेच बाजूला सारले, चुडामणचे वर उचललेले मनगट पकडले आणि पिळून खाली आणले. चुडामण झगडला. आबांनी ते सोडले नाही. टाक्यांतून रक्ताची एक धार त्यांच्या नाकावर उतरली होती.

“बठ,” ते म्हणाले.

चुडामण बसला. मग आबांनी नूतनकडे पाहिले. माझी पाळी आली का, असे विचारणाऱ्या नजरेने. शाळेतल्या मुलासारखी ती नजर त्या राकट चेहऱ्यावर विचित्र दिसत होती.

“बोला, आबा. आता तुमचंच.”

आबांनी विजारीच्या खिशातून तांब्याच्या तारेचे एक वेटोळे काढले. तिच्यावर वाळलेले काळे डाग होते. त्यांनी ते मधल्या मोकळ्या जागेत टाकले.

“तार मी काढली,” ते म्हणाले. आवाज मोठाच होता, पण कालच्यासारखा आदळत नव्हता. “पोऱ्याचा हात सोडवतानाच मला दिसली. गाठ पाहिली, ओळखली, आणि पोऱ्याला उचलायच्या आधी तार ओढून खिशात घातली. अशी गाठ चुडामणच मारतो, कारण त्याला ती मी शिकवली. मला वाटलं, धाकट्याची बोटं गेली, आता थोरल्याची नोकरी जाईल, एका घरात दोन माणसं कशी पांगळी करायची? म्हणून मोठ्यानं बोललो. दुसऱ्या कोणाला बोलताच येऊ नये, एवढ्या मोठ्यानं. सारिका, काल तुझा शब्द मला ऐकू आला होता. डाव्या कानानं आला होता.”

सारिका रडू लागली. चुडामणने डोके गुडघ्यांत घातले.

“ताई, हे सगळं लिवा. तारेवर पहिलं नाव माझं लिवा. शिकवली मी, लपवली मी. बांधली ह्यानं. कापून गप्प बसला तो किरण. पाहून गप्प बसली सारिका. मागून ओरडा घातला तो शेठ. त्याचंही लिवा, घाबरू नका.”

“लिहिते,” नूतन म्हणाल्या. “आणि ग्राइंडर, आबा? शेठ आज चालू करा म्हणतात.”

आबांनी कपाळावरचे रक्त मनगटाने पुसले, खाली पडलेल्या तारेकडे पाहिले, मग एकेकाच्या चेहऱ्याकडे, स्वप्नीलकडे जरा अधिक वेळ.

“पोऱ्याची चूक नाही,” ते म्हणाले. “चूक आमची. त्या स्विचला तार बांधताच येणार नाही असा नवा स्विच बसेपर्यंत मशीन बंद.”